गल्लीचं खातं

आमच्या गल्लीत कुणाचे पैसे कुठून यायचे असले की एकच वाक्य ऐकू येतं. "मंजूच्या खात्यावर टाका म्हणा!"

मंजू म्हणजे माझी मोठी बहीण, मंजुषा. मी आरोही, यंदा दहावीला. वक्तृत्वात तालुक्यातून पहिली आले, हे इथंच सांगून टाकते, कारण पुढं त्याचा काही उपयोग झाला नाही.

तर खात्याचं असं आहे. आमच्या कुरुंदा गावात हळद सगळ्यांची, पण कुणाची दहा पोती तर कुणाची चार. चार पोत्यांसाठी वसमतच्या मोंढ्यात, म्हणजे घाऊक बाजारात, वेगळा टेम्पो कोण करणार? म्हणून गल्लीतली पाच घरं एकच टेम्पो करतात. माल एका नावानं उतरतो, आडत्याची पट्टी, म्हणजे विक्रीची पावती, एका नावानं होते आणि पैसे एका खात्यावर येतात. ज्याच्या नावाची पट्टी, त्याचंच खातं लागतं. जळबाकाकांचं खातं केवायसीपायी बंद पडलेलं. पार्वतीआजीचा अंगठा मशीनवर उमटतच नाही, हळद खुरपून खुरपून रेघाच गेल्या. माझे बाबा, बालाजीराव, यांचा हळद पॉलिश करायचा ढोल आहे. सीझनभर तो ट्रॅक्टरला जोडून शेताशेतात फिरतात, त्यांना बँकेत उभं राहायला वेळ कुठला! राहिली मंजूताई. तिचं खातं चालू, फोन चांगला आणि हिशेब तोंडपाठ. पैसे आले की दिवस मावळायच्या आत ज्याचे त्याला. लिहून ठेवायचं काम नाही. कुणी "मोजून घे" म्हटलं तर पार्वतीआजी चिडायची, "पोरीवर शक घेऊ व्हय मी?"

आणि ही आमची ताई पोलीस होणार होती!

'होणार होती' लिहिताना हात अडला, पण तेच बरोबर आहे. ती दोन वर्षं रोज पहाटे हट्टा गावाच्या रस्त्याला पळायची. मी सायकलवर मागं, हातात मोबाईलचं घड्याळ. आठशे मीटर, मग गोळाफेक. मग लेखी. आणि या उन्हाळ्यात जिल्ह्याच्या निवड यादीत तिचं नाव आलं. जळबाकाकांनी पेढे वाटले, स्वतःच्या पैशानं! गल्लीतल्या पोरांना मी सांगून टाकलं, आता कुणी माझ्या सायकलची हवा सोडली तर डायरेक्ट आत. राहिलं होतं फक्त वैद्यकीय आणि चारित्र्य पडताळणी. चारित्र्य! त्याची कुणाला काळजीच नव्हती. कुणाच्या चार आण्याला जिनं हात लावला नाही, तिचं चारित्र्य काय पडताळणार?

त्याच दिवसांत आकांक्षा आली. ताईची मैत्रीण, भरतीची तयारी दोघींनी एकत्र केलेली. तिचं यादीत नाव नव्हतं, तरी तिनं ताईला मिठी मारली होती. बरोबर तिचा मावसभाऊ होता, रविंद्र. परभणीकडं राहतो म्हणाला. केस मागं चोपडलेले, बोलणं गोड.

"ताई, एक छोटं काम होतं," तो म्हणाला. "माझं ऑनलाइन कमिशनचं काम हाय. माझ्या खात्याची या महिन्याची लिमिट संपून गेली. कंपनी पैसे टाकून राहिली, पण घ्यायला जागा न्हाई."

"अगं, तुझ्या खात्यावर तर साऱ्या गल्लीचं येतंय," आकांक्षा म्हणाली. "दोन दिवसाचा तर सवाल हाय."

"येऊ दे की," ताई म्हणाली.

एवढंच. विचार करायला तिला काही लागलंच नाही. रोज ज्या दारातून शेजारी येतात, त्या दारातून अजून एक आला. मी तर तिथंच बसून शेंगा खात होते आणि वर म्हणाले, "आमच्या ताईचं खातं म्हणजे एसटी स्टँड हाय, कुणीबी या!" सगळे हसले.

ताईनं पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो त्याला पाठवला. दुसऱ्या दिवशी दुपारी पैसे आले, दोन हप्त्यात, मिळून लाखाच्या थोडे वर. रविंद्र बँकेबाहेर मोटारसायकल लावून उभाच होता. ताईनं विड्रॉलची स्लिप भरली. कॅशियर काका आम्हाला लहानपणापासून ओळखतात. त्यांनी विचारलं, "हळदीचे का गं?"

"व्हय," ताई म्हणाली. दरवेळी तेच विचारतात, दरवेळी ती तेच म्हणते.

बाहेर तिनं नोटा रविंद्रच्या हातात दिल्या. त्यानं मोजल्या नाहीत. हजार रुपये काढून तिच्या पुढं धरले.

"ह्ये काय? आमच्यात असलं न्हाई चालत," ताई मागं सरली.

"भाऊ म्हणून देतो. ट्रेनिंगला जायचंय ना, बूट घ्या." आकांक्षानं तिच्या मुठीत कोंबले. "घे गं, बुटाचे तळ बघ कसे झालेत!"

तळ खरंच गेले होते. ताईनं वसमतहून निळे बूट आणले. फार छान होते. मी घरात घालून फिरले, दोन नंबर मोठे होते तरी.

त्यानंतर आठवड्याभरात गल्लीची हळद मोंढ्यात गेली. भाव असा लागला की जळबाकाका मोंढ्यातूनच फोनवर ओरडले. पैसे ताईच्या खात्यावर आल्याचा मेसेज आला आणि आमच्या ओट्यावर सगळे जमले. पार्वतीआजी सगळ्यात पुढं. तिला नांदेडला डोळ्याचं ऑपरेशन करायचं होतं, आणि "आधी माझं टाक, मला दिसत न्हाई" असा तिचा दरवर्षीचा विनोद होता.

ताईनं फोनवर आजीच्या नातवाचा नंबर घातला. व्यवहार झाला नाही. परत घातला. नाही झाला.

"नेट न्हाई येऊन राहिलं," मी म्हणाले.

नेट होतं.

दुसऱ्या दिवशी बँकेत मी ताईबरोबर गेले. साहेबांनी नंबर टाकला, स्क्रीनकडं बघितलं, मग ताईकडं. चष्मा काढून पुसला.

"बाळा, तुझ्या खात्याला डेबिट फ्रीज लागलाय."

"म्हंजे?"

"येणारं येईल, जाणारं जाणार नाही. कर्नाटकातल्या सायबर पोलिसांकडून कळवलंय. तुझ्या खात्यात फसवणुकीची रक्कम आलीये."

मला वाटलं, हीच ती वेळ! मी उभी राहिले. मी म्हणाले, "साहेब, माझ्या बहिणीनं आजवर कुणाचा पैसा ठेवला नाही. या खात्यात पाच कुटुंबांच्या घामाची हळद आहे. ज्यानं गुन्हा केला त्याला पकडा. पण खातं ज्याचं, त्यालाच शिक्षा, हा कुठला न्याय?" आवाज कुठं चढवायचा, कुठं उतरवायचा, सगळं बरोबर जमलं. रांगेतल्या एका आजोबांनी मान डोलावली.

साहेबांनी पूर्ण ऐकलं. खरंच चांगला माणूस. मग म्हणाले, "बरोबर बोललीस. पण हे कुलूप मी लावलेलं नाही, म्हणून मला उघडता येत नाही. तिथल्या पोलिसांची ना-हरकत आणा, नाहीतर कोर्टाचा आदेश. हा घ्या तक्रारीचा नंबर आणि त्या ठाण्याचा ईमेल." एका चिठ्ठीवर लिहून दिलं.

"हळदीचे तरी सोडा," ताई हळू म्हणाली. "ते माझे न्हाईत."

"खात्यात असेपर्यंत ते तुझेच, बाई."

बाहेर येऊन ताईनं रविंद्रला फोन लावला. नंबर बंद. चॅट उघडलं तर त्यानं आपले सगळे मेसेज उडवून टाकलेले, ताईनं पाठवलेला पासबुकाचा फोटो तेवढा राहिला होता. आम्ही तशाच आकांक्षाकडं गेलो. ती दारातच उभी राहिली, आत ये म्हणाली नाही.

"मला काय ठाऊक? लांबचा मावसभाऊ तो. लग्नात ओळख झालेली."

"तूच तर घिऊन आली त्याला!" मी म्हणाले.

"मी घिऊन आले, पण 'येऊ दे' कोण म्हणलं? मी म्हणले?" आणि मग एकदम रडायला लागली. "मंजू, माझं नाव घिऊ नको गं. पुढच्या भरतीला मी बसणार हाय."

ताई वळून चालायला लागली. परत येताना मला म्हणाली, "तिचं बी खरं हाय." मला इतका राग आला होता की मी घरापर्यंत तिच्याशी बोलले नाही.

जिल्ह्याच्या ठिकाणी सायबर शाखेत एका मॅडमनी आम्हाला सगळं उलगडून सांगितलं. कर्नाटकात एक निवृत्त नर्स आहेत, एकट्या राहतात. त्यांना व्हिडिओ कॉल आला. समोर पोलिसाच्या वर्दीतला माणूस. तुमच्या नावानं पार्सलमध्ये अंमली पदार्थ सापडले, तुम्हाला घरातच अटक केलीये, फोन बंद करायचा नाही, कुणाला सांगायचं नाही. बाई तीन दिवस फोनपुढं बसून राहिल्या आणि तो सांगेल त्या खात्यावर पैसे टाकत राहिल्या. त्यातलं एक खातं मंजुषा बालाजी.

"अशी अटक कायद्यात नसतेच," मॅडम म्हणाल्या. "बाईंनी लगेच १९३० या हेल्पलाइनला फोन केला असता तर पैसे वाटेतच थांबवता आले असते. घाबरल्यामुळं उशिरा केला. तोवर तुम्ही काढून दिले होते."

"मला न्हाई माहीत हुतं, मॅडम."

"असेल. पण चोर स्वतःच्या खात्यावर घेतच नाही. त्याला तुझ्यासारखंच खातं लागतं. जुनं, चालू, हळदीचे लाखभर आले-गेले तरी बँकेला नवल न वाटणारं. तपास करणाऱ्याला पहिलं नाव तुझं दिसतं. रविंद्र कुठंच दिसत नाही."

ताईनं एकच विचारलं. "तो वर्दी घालून बसला हुता?"

"हो."

ताईच्या फोनच्या मागच्या बाजूला पोलिसाच्या बोधचिन्हाचं स्टिकर होतं. तिनं स्टिकर खाली जाईल असा फोन मांडीवर ठेवला.

मग कर्नाटकातल्या त्या ठाण्याची नोटीस आली, हजर राहायची. बाबा, ताई आणि मी नांदेडहून रेल्वेनं गेलो. मला बाबा नेत नव्हते, पण मीच म्हणाले की हिंदी मला चांगली येते, वादविवादात बक्षीस आहे. वाटेत मी एक भाषण तयार केलं. तिथं ते काढायची वेळच आली नाही. तिथल्या साहेबांचं हिंदी आमच्यापेक्षा मोडकं, पण प्रश्न सरळ होते.

पैसे तुमच्या खात्यात आले? हो. तुम्हीच काढले? हो. स्लिपवर सही तुमची? हो. कॅमेऱ्यात या तुम्हीच? हो. कुणाला दिले? रविंद्र. पत्ता? परभणीकडं. परभणीत कुठं? माहीत नाही. पावती, लिहून घेतलेलं काही? नाही. आमच्यात लिहून घेत नाहीत.

"कॅशियरनं विचारलं तेव्हा तुम्ही हळदीचे पैसे म्हणालात?"

ताईनं बाबांकडं बघितलं.

"म्हणालात की नाही?"

"व्हय. सवयीनं."

"तुम्हाला काय मिळालं यातून?"

मी टेबलाखाली ताईचा पाय दाबला. खरंच दाबला. ती म्हणाली, "हजार रुपये. बूट घेतले."

त्यांनी खाली बघितलं. तेच बूट पायात होते.

मग बाबांनी पिशवीतून आडत्याची पट्टी काढली. पाचही घरांचा जीव त्या कागदात होता. म्हणाले, बाकीचे पैसे हळदीचे आहेत साहेब, ते तरी मोकळे करा. साहेबांनी पट्टी वाचून घेतली, आणि विचारलं, "मंजुषाच्या नावावर शेती किती?"

"न्हाई. तिच्या नावावर न्हाई."

"मग एवढी हळद तिची कशी?"

बाबांनी समजावलं. एक टेम्पो, एक नाव, पाच घरं. त्यांनी नीट ऐकलं आणि शांतपणे म्हणाले, "म्हणजे हेही दुसऱ्यांचेच पैसे. तुमच्या खात्यावर नेहमीच दुसऱ्यांचे पैसे येतात."

इतक्या वर्षांचा आमच्या गल्लीचा मोठेपणा त्या एका वाक्यात उलटा झाला. बाबांनी पट्टीची घडी घातली, उलगडली, परत घातली.

अटक केली नाही. बोलावलं की यायचं, पुरावा नष्ट करायचा नाही, असं लिहून घेतलं. पण गुन्ह्यात ताईचं नाव आरोपी म्हणून आलं. कलम फसवणुकीचं. बाहेरच्या बाकावर एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या, पांढरी साडी, मांडीवर डबा. त्याच नर्सबाई होत्या की दुसऱ्याच कुणी, ते आम्हाला कळलं नाही. ताई त्यांच्या समोर क्षणभर थांबली. बाईंनी अनोळखी माणसाला हसतात तसं हसून सरकून जागा दिली. ताई बसली नाही.

वसमतचे सोमेश्वर वकील म्हणाले, हळदीच्या पैशासाठी तिथल्याच कोर्टात अर्ज करावा लागेल. पाचही घरांचे सातबारे, प्रतिज्ञापत्रं, आडत्याचा जबाब. सुटतील, पण महिने जातील. त्या बाईंच्या रकमेएवढे पैसे तर अडकूनच राहणार, ते आपल्याला भरून द्यावे लागले तरी नवल नाही. आणि केस? "ती आपल्या गतीनं चालणार. तिला खरंच माहीत नव्हतं हे कोर्टाला पटलं तर सुटेलही. पण ते कधी, ते मला विचारू नका."

गल्लीनं आधी आठवडाभर धीर दिला. मग लोक ओट्यावर न टेकता चप्पल वाजवत पुढं जायला लागले.

"पोलीस हुणार हुती म्हणं," कुणीतरी मोठ्यानं बोललं. "आता पोलीसच घरी येऊन राहिले."

जळबाकाका एकदाच आले. चहा घेतला नाही. "बालाजी, मला तुझ्या पोरीवर शक न्हाई. पण माझ्या पोराचं कॉलेज कोर्टाच्या तारखेवर थांबंल का?" पार्वतीआजी तर आलीच नाही. तिच्या ऑपरेशनची तारीख निघून गेली.

बाबांनी ढोल विकला. हट्ट्याचे लोक ट्रॅक्टर घेऊन आले आणि ओढून नेला. ज्याचं त्याला पोचतं केलं, दिवस मावळायच्या आत. यंदा सगळ्यांनी मोजून घेतले.

आणि मग पडताळणीचा फॉर्म आला. त्यात एक रकाना होता. आपल्याविरुद्ध कोणताही गुन्हा दाखल आहे काय?

मी म्हणाले, "न्हाई लिही. कर्नाटकातलं इथं कुणाला कळतंय?"

"कळतंय. सगळं एकाच कॉम्प्युटरात असतंय. लपवलं तर नाव कायमचं जातं."

"आणि व्हय लिहिलं तर?"

"मग प्रकरण भरतीच्या समितीपुढं ठेवतात. केस मिटेपर्यंत नेमणूक थांबते. थांबली की थांबलीच. जागा कुणासाठी रिकामी ठेवत न्हाईत."

"मग दोन्हीकडून तेच हाय की!"

"तेच हाय," ताई म्हणाली, आणि 'होय' लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच, गोल.

मी रात्रभर एक अर्ज लिहिला होता, समितीला, चार पानी, सुविचारासकट. ताईनं तो वाचला, माझ्या डोक्यावर हात फिरवला आणि फॉर्मला न जोडता उशीखाली ठेवला. तिच्या बॅचच्या पोरी ट्रेनिंगला गेल्या तेव्हा त्यांनी गाडीतून फोटो टाकले. आमच्या घरी काय आलं, तर एक पत्र. निर्णय प्रलंबित. दोन ओळी.

आता पहाटे मला सवयीनं जाग येते. ताई जागीच असते, पण उठत नाही. निळे बूट खुंटीला, लेसची गाठ मारून टांगलेले. वापरता येत नाहीत आणि टाकताही येत नाहीत, कारण वकिलांनी सांगितलंय राहू द्या, पुरावा म्हणून मागतील.

परवा शाळेतून आले तर पार्वतीआजी ओट्यावर! इतक्या महिन्यांनी. मला बरं वाटलं, खरं सांगते, उडीच मारली. तिनं माझा चेहरा हातानं चाचपला, कारण आता तिला जवळचंही नीट दिसत नाही.

"आरोही, तुझं शिष्यवृत्तीचं खातं निघालं म्हणं बँकेत?"

"व्हय आजी."

"मंग बरं झालं बाई. हळदीचे तर खर्चून गेले, आता लेकीकडून पैसे यायलेत माझे, डोळ्याचे. नातू हितं न्हाई अन् माझा अंगठा तर उमटत न्हाई. तुझ्या खात्यावर येऊ दे. दोनच दिवस."

आजीचेच पैसे. आजीच्याच लेकीचे. आजीच्याच डोळ्याचे. यात काहीच वाईट नव्हतं, मला ठाऊक होतं. मी तोंड उघडलं. तालुक्यातून पहिली आलेली मी. शब्दच येईना.

आतून ताईचा आवाज आला. उठून ती दारापर्यंतही आली नाही. "न्हाई म्हण तिला."

आजीला वाटलं मी विचार करतेय, म्हणून ती हसत थांबली. हात अजून माझ्या गालावर होता.

"न्हाई, आजी," मी म्हणाले.

तिनं गालावरचा हात काढला. मग काठी शोधली, मी हातात दिली, आणि भिंतीला धरून धरून ती आपल्या घराकडं गेली.